ख्रिस्तोसचा ह्रेस्तोस होतो तेव्हा

जर्मनीच्या नैऋत्येला, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात, आल्टनश्टाइग नावाचं एक छोटं गाव आहे. १९८३ मध्ये तिथल्या नोंदणी कार्यालयात, म्हणजे श्टांडेसआम्टमध्ये, एका ग्रीक माणसाचं लग्न नोंदवलं गेलं. तो व्यवसायाने मालिशवाला होता. औषधी स्नान वगैरे उपचारही द्यायचा, आणि हा धंदा त्याचा स्वतःचा होता. विवाहाच्या नोंदवहीत त्याचं नाव पडलं Christos Konstadinidis. त्याच्या ग्रीक पासपोर्टवर मात्र रोमन लिपीत Konstantinidis होतं. १९९० मध्ये त्याने अर्ज केला की ही नोंद पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून द्या.

एक-दोन अक्षरांची दुरुस्ती. झालं मात्र भलतंच. दुरुस्तीसाठी त्याचा ग्रीक जन्मदाखला जर्मनमध्ये आणावा लागला. शपथबद्ध भाषांतरकाराने नियमाप्रमाणे ग्रीक अक्षरांसाठी आंतरराष्ट्रीय मानक तक्ता वापरला आणि कागदावर नाव उमटलं Hréstos Kónstantinidés. ख्रिस्तोसचा ह्रेस्तोस झाला. नोंदवहीत आता हेच नाव घालायचं, असं ठरू लागलं. त्याने साहजिकच हरकत घेतली. प्रकरण ट्युबिंगनच्या कोर्टात गेलं आणि तिथून थेट लक्झेंबर्गला, युरोपियन न्यायालयात.

आपण ग्रीक नाही, मग हे आपल्याला कशाला? पण या माणसाच्या नावाची जी तीन रूपं झाली, तीच तुमच्या-माझ्या नावाची होऊ शकतात. भारतातल्या घराचं कुलमुखत्यारपत्र, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत करायची वेळ आली, की नेमकी हीच तीन रूपं एकमेकांच्या पायात पाय घालतात. म्हणून आधी ती तिन्ही नीट वेगळी करून पाहू.

पहिलं रूप कानाने लिहिलेलं. ग्रीकमध्ये नु आणि ताउ ही दोन अक्षरं शेजारी आली की उच्चार ‘द’कडे झुकतो, म्हणून कोणीतरी Konstadinidis लिहिलं. दुसरं रूप अक्षराला अक्षर लावून लिहिलेलं. त्यात उच्चाराची पर्वा नसते, तक्ता म्हणेल ते. Hréstos हे त्यातून आलं. तिसरं रूप त्या माणसाने स्वतः वर्षानुवर्षं वापरलेलं, पासपोर्टवर छापलेलं. तिन्ही रूपं आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण एवढीच की कायद्याच्या कागदावर माणूस एकच असतो.

हा पेच जुना आहे. १७८८ मध्ये कलकत्त्याला ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात विल्यम जोन्सने आशियातले शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर एक निबंध छापला. त्यात त्याने दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या: एक उच्चार जपणारी, दुसरी मूळ अक्षरं जपणारी. त्याचा स्वतःचा कल दुसरीकडे होता. पुढे प्राच्यविद्येच्या अभ्यासकांनी तीच वाट रुंद केली. १८९४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत लिप्यंतराची पद्धत ठरवली गेली, आणि २००१ मध्ये देवनागरी व तिच्या बहिणींसाठी आयएसओ १५९१९ हे मानक आलं. या पद्धतीचा मोठा गुण असा की ती उलटवता येते. रोमन रूपावरून मूळ देवनागरी शब्द जसाच्या तसा परत मिळतो. ग्रंथालयाला, शिलालेख वाचणाऱ्याला हेच हवं असतं.

पण आपल्या घरातली नावं या वाटेने रोमन झालेलीच नाहीत. ती शाळेच्या दाखल्यावरून झाली. पहिल्या दिवशी मास्तरांनी किंवा कारकुनाने कानाला जे बरं वाटलं ते लिहिलं, तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर गेलं आणि तिथून पासपोर्टवर. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये तिथून डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांच्या इंग्रजी पुस्तकांवर नाव आहे Irawati Karve. मानक तक्त्याने ते Irāvatī Karvē झालं असतं. पहिलं रूप त्यांचं, दुसरं तक्त्याचं.

कानाने लिहिण्यातली आणखी एक गोम जर्मनीत राहणाऱ्यांना लगेच कळेल: कान कोणाचा? इंग्रजी डोळ्याला Joshi म्हणजे जोशी, पण जर्मन माणूस ते योशी वाचतो. Vaman त्याच्या तोंडी फामान होतं, उलट Waman लिहिलं तर बरोबर वामन. जर्मन भाषेने महाराजा शब्द आपल्या कानाने घेतला तेव्हा Maharadscha केला. त्या न्यायाने जोशींना Dschoschi लिहावं लागेल. दार उघडून कोणी ‘हेर योशी’ म्हटलं तर हसून सोडता येतं. खरेदीखतात मात्र दर देशाच्या कानाप्रमाणे नाव बदलायला लागलं तर एकाच माणसाचे चार माणूस होतील.

आता लक्झेंबर्गकडे परत जाऊ. हे सगळं ज्या करारावरून घडलं, तो नागरी नोंदींच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा १३ सप्टेंबर १९७३ चा बर्न इथला करार आहे. त्यात दोन कलमं महत्त्वाची. दुसरं कलम म्हणतं, की दाखवलेल्या कागदावर नाव आधीच नोंदवहीच्या लिपीत असेल, तर ते जसंच्या तसं उतरवा. बदल नको, भाषांतर नको. तिसरं कलम म्हणतं, की कागद दुसऱ्या लिपीत असेल तर लिप्यंतर करा, आणि त्यासाठी आयएसओचं मानक असेल तर तेच वापरा. त्या मालिशवाल्याच्या बाबतीत पुढे केला गेला तो ग्रीक लिपीतला जन्मदाखला. म्हणून तिसरं कलम लागलं आणि तक्ता चालला.

युरोपियन न्यायालयाचा निकाल ३० मार्च १९९३ रोजी आला. न्यायालयाने तक्त्याला चूक म्हटलं नाही. ग्रीक नाव रोमन लिपीत कसं लिहायचं याचे नियम देशाने करायला हरकत नाही, असंच ते म्हणालं. पण त्या नियमामुळे माणसाला आपल्या धंद्यात असं नाव वापरावं लागत असेल, की ज्याने उच्चार बिघडतो आणि गिऱ्हाईक त्याला दुसराच कोणी समजण्याची भीती निर्माण होते, तर ते त्याच्या व्यवसायाच्या स्वातंत्र्याच्या आड येतं. न्यायालयाने मोजमाप कशाचं केलं ते पाहा. भाषाशास्त्र बाजूला राहिलं, प्रश्न झाला ओळखीच्या गोंधळाचा.

या निकालाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. तो युरोपीय समुदायाच्या नागरिकाचा, तोही स्वतंत्र धंदा करणाऱ्याचा हक्क होता. भारतीय पासपोर्टवाल्याला तो निकाल दाखवून हक्क मागता येत नाही. आपल्या कामाला येतो तो त्या आधीचा करार, आणि त्यातून निघणारा साधा व्यवहार: नुसता मराठीतला दाखला टेबलावर ठेवला, तर त्या दाखल्यापुरतं भाषांतरकाराला तक्त्याकडे जावं लागतं. सोबत पासपोर्टची प्रत आधीच दिली, तर रोमन स्पेलिंगला कागदी आधार मिळतो. त्यामुळे अनेक भाषांतरकार तक्त्याचं रूप लिहून, पासपोर्टवरचं रूप टिपेत नोंदवतात. ही टीप आहे की नाही, हे भाषांतर हातात आल्या आल्या पाहा.

आता आपल्या मूळ कागदाकडे येऊ. एक कल्पित उदाहरण घेतो. समजा, ज्ञानेश्वर विठ्ठल काळे जर्मनीत राहतात. पुण्यातला वडिलांचा फ्लॅट विकायचा आहे आणि ते काम बहिणीवर सोपवायचं आहे. त्यासाठी कुलमुखत्यारपत्र करायचं, डाव्या रकान्यात मराठी, उजव्यात इंग्रजी. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं ३३वं कलम परदेशात राहणाऱ्याला सवलत देतं: असं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्यदूतासमोर किंवा नोटरीसमोर करता येतं. ज्ञानेश्वर वाणिज्य दूतावासाची वेळ घेतात आणि कागद जमवायला बसतात.

पासपोर्टवर आहे DNYANESHWAR VITTHAL KALE. जुन्या आधार कार्डावर मधलं नाव Viththal आहे. सोसायटीच्या भाग दाखल्यावर नुसतं D. V. Kale. आणि फ्लॅटच्या मराठी दस्तात आहे ‘ज्ञानेश्वर विठ्ठलराव काळे’. भाषांतरकाराने मराठी रकान्यावरून तक्त्याने नाव तयार केलं, तर येईल Jñānēśvara Viṭhṭhala Kāḷē. कोणी हिंदीच्या सवयीने लिहिलं तर Gyaneshwar येईल, कारण ‘ज्ञ’ आपण द्न्य म्हणतो आणि हिंदीत ग्य म्हणतात.

उलट दिशेने गेलात तरी सुटका नाही. इंग्रजी रकान्यावरून मराठी करायला कोणाला दिलं, तर Kale वरून काळे की काले हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. Rane म्हणजे राणे की राने, तेही तसंच. रोमन स्पेलिंगमध्ये ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ऱ्हस्व आणि दीर्घ सगळं एकात मिसळलेलं असतं. थोडक्यात, देवनागरीतून स्पेलिंग निघत नाही आणि स्पेलिंगमधून देवनागरी निघत नाही. दोन्ही रूपं कुठून तरी आणावी लागतात, आणि आणलेल्या जागेचा कागद दाखवता यावा लागतो. या सगळ्या विषयातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी बरंच काम होईल.

म्हणून मसुदा लिहायच्या आधी एक छोटा तक्ता करा. दर माणसाला एक ओळ, चार रकाने: देवनागरी नाव, ते कोणत्या कागदावरून घेतलं, रोमन नाव, ते कोणत्या कागदावरून घेतलं. देवनागरी नाव मालमत्तेच्या कागदावरून घ्यायचं, कारण दुय्यम निबंधक कार्यालयात ताडून पाहतील ते जुन्या दस्ताशी, सूची दोनशी किंवा सातबाराशी. रोमन नाव पासपोर्टवरून, कारण वाणिज्यदूतासमोर ओळख पटते ती पासपोर्टने. हा तक्ता ज्ञानेश्वर, बहीण, वारलेले वडील आणि दोन्ही साक्षीदार अशा सगळ्यांसाठी करायचा. वडिलांना पासपोर्टच नव्हता असं निघालं, तर त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं इंग्रजी नाव आधाराला घ्यायचं आणि तसं रकान्यात लिहायचं.

तक्त्यात फरक दिसला की तो लपवायचा नाही, पहिल्याच उल्लेखात उघड लिहायचा. ‘ज्ञानेश्वर विठ्ठल काळे उर्फ ज्ञानेश्वर विठ्ठलराव काळे’, सोबत पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख, आणि समोरच्या इंग्रजी रकान्यात तितकंच, त्याच क्रमाने. ‘राव’, ‘बाई’, ‘ताई’ ही शेपटं इथे फार फसवतात. सातबारावर पुष्पाबाई आणि पासपोर्टवर Pushpa, हे घराघरात आहे. बोलताना तो आदर असतो, कागदावर मात्र ती वेगळी अक्षरं असतात. फरक मोठा असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडतात. पण प्रतिज्ञापत्राने जुनी नोंद बदलत नाही. ते फक्त तुमचं शपथेवरचं म्हणणं असतं. आणि नाव खरोखर बदलायचंच असेल तर वाट राजपत्रातून जाते.

पहिल्या उल्लेखानंतर नाव शक्य तितकं कमी वेळा यावं. जुन्या मराठी दस्तांची रीत इथे उपयोगी पडते. एकदा नाव लिहिलं की पुढे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. नाव जितक्या जागी येईल तितक्या जागी चुकू शकतं, हे जुन्या दस्तलेखकांना पक्कं ठाऊक होतं.

मराठीची आणखी एक खोड इंग्रजी वकिलाला माहीत नसते: आपल्याकडे नावालाही विभक्ती लागते. काळे यांनी दिलं, तर बोलताना आपण ‘काळ्यांनी दिलं’ म्हणतो. कर्वे असतील तर ‘कर्व्यांचं घर’. असं रूप मसुद्यात राहिलं आणि ते भाषांतरकाराच्या हाती गेलं, तर मूळ आडनाव काळे की काळ्या, याची शंका त्याला आली तर दोष त्याचा नाही. कायदेशीर मराठीत म्हणूनच ‘काळे यांनी’, ‘काळे यांना’, ‘काळे यांचे’ असं लिहितात. प्रत्यय ‘यां’ला लागतो आणि नाव शाबूत राहतं. आपल्याला ही भाषा शिष्ट वाटते, पण तिचं काम नावाचं रूप राखण्याचं आहे.

शेवटी तपासणी. संगणकावर मसुदा उघडून तक्त्यातलं प्रत्येक नाव शोधा आणि किती वेळा सापडलं ते मोजा. मग मुद्दाम चुकीची रूपं शोधा: Viththal, Vithal, Dnyaneshvar, विठ्ठलराव. ‘उर्फ’च्या जागेखेरीज ती कुठेही सापडता कामा नयेत. नजर सुटते ती मजकुराच्या मध्यात कमी आणि कडेला जास्त: पानावरच्या मथळ्यात, मिळकतीच्या परिशिष्टात, फोटोखालच्या नावात, साक्षीदारांच्या रकान्यात. सरतेशेवटी दोघांनी बसायचं. एकाने मराठी रकाना मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने इंग्रजी रकान्यावर बोट ठेवून स्पेलिंग एकेक अक्षर सांगायचं. वाचून ‘बरोबर’ म्हणणं पुरत नाही, कारण ओळखीचं नाव डोळा वाचत नाही, नुसतं ओळखतो.

अनेक करारांत शेवटी एक कलम असतं, की दोन भाषांत फरक पडल्यास अमुक भाषेतला मजकूर ग्राह्य धरावा. त्याच्या भरवशावर नावं सैल सोडू नका. ते कलम अटींच्या अर्थासाठी असतं. खिडकीपलीकडचा माणूस कलम वाचत बसत नाही, तो पासपोर्टची प्रत आणि कागद शेजारी ठेवतो. अक्षर जुळलं नाही तर कागद परत. मुखत्यारपत्रात चूक असली तर पुन्हा वेळ घ्या, पुन्हा प्रवास, पुन्हा साक्षीदार. आणि त्याच मुखत्यारपत्रावर खरेदीखत नोंदलं जाऊन मग चूक उघडकीस आली, तर चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो. त्यावर मूळ दस्तातल्या सगळ्या पक्षांच्या सह्या हव्यात. पैसे घेऊन-देऊन मोकळा झालेला माणूस दुसऱ्यांदा सहीला यायला तयार असतोच असं नाही. त्यातला एखादा वारला असेल, तर एका ‘h’साठी त्याच्या वारसांकडे जावं लागतं.

नाव जुळलं म्हणजे माणूस पटला असंही नाही. एकाच आजोबांचं नाव ठेवलेले दोन चुलत भाऊ, दोघांचं स्पेलिंग सारखं, हे आपल्याकडे नवीन नाही. म्हणूनच नावासोबत जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक हवा.

तुमच्यापैकी जे जर्मनीत किंवा आणखी कुठे जन्मले, त्यांची गोष्ट थोडी उलटी आहे. तुमच्या जन्मदाखल्यावर फक्त रोमन नाव आहे. देवनागरीत तुमचं नाव कुठल्याच सरकारी कागदावर नसेल. Mira म्हणजे मीरा की मिरा, Anaya म्हणजे अनया की अनाया, हे आज फक्त आई-बाबांना माहीत आहे. उद्या आजीच्या घराच्या वाटणीपत्रात तुमचं नाव पहिल्यांदा देवनागरीत लिहिलं जाईल, तेव्हा तेच रूप पुढच्या प्रत्येक कागदाचा आधार बनेल. ते अनोळखी टंकलेखकाच्या कानावर सोडू नका. आज संध्याकाळी घरी फोन करा, नाव देवनागरीत लिहून मागवा आणि पासपोर्टच्या प्रतीसोबत जपून ठेवा.

आल्टनश्टाइगच्या त्या माणसाने कुठल्याही तज्ज्ञाला ग्रीक लिपी शिकवली नाही. त्याचं म्हणणं इतकंच होतं की माझ्या पासपोर्टवर माझं नाव आहे, तेच लिहा. ते ऐकून घेतलं जायला १९९० पासून १९९३ पर्यंत वेळ लागला आणि कागद एका छोट्या गावातून लक्झेंबर्गपर्यंत गेले. आपल्याला चार रकान्यांचा एक तक्ता पुरेल, फक्त तो सही करण्याच्या आधी करायचा.